'पास-थ्रू'ला मराठीत काय म्हणायचं? (भागीदारी, कंपनी आणि कर)

अनुजा_क
मंडळी, एक अडलंय. लहान धंदेवाल्यांसाठी एक पुस्तिका मराठीत आणतेय, मूळ मजकूर अमेरिकेतला. त्यात 'पास-थ्रू' हा शब्द पानोपानी आहे, म्हणजे कर भागीदारीला लागत नाही, नफा सरळ भागीदारांच्या नावावर जातो आणि कर ते भरतात. मी 'अंतर्वाही कर' लिहिलं. एका ओळखीच्या सीएंना वाचायला दिलं तर ते शब्दाबद्दल काहीच बोलले नाहीत, अख्ख्या परिच्छेदावर काट मारून ठेवली, "आपल्याकडे भागीदारीचं असं नसतं". आता शब्द शोधू की परिच्छेद बदलू?

शब्दवेडा
अंतर्वाही म्हणजे भूगर्भातलं पाणी वाटतं. 'आरपार कर' म्हणा, सरळ मराठी आहे. आणि कॉर्पोरेट टॅक्सला कृपया 'महामंडळ कर' म्हणू नका, लोकांना वाटेल एसटीचा आहे.

नाना_पेठकर
पास-थ्रू म्हणजे दुकानदार टॅक्स गिऱ्हाइकावर ढकलतो तेच ना? जीएसटीत सगळे तेच करतात.

हिशोबनीस
नाही नाना, तो करभार ढकलणं, वेगळी गोष्ट. इथे प्रश्न एवढाच की नफ्यावरचा कर कुणाच्या नावावर लागतो.

अनुजाताई, तुमच्या सीएंचं बरोबर आहे. पॅन कार्डावरचं चौथं अक्षर बघा. माणसाच्या पॅनला तिथे पी असतो, फर्मला एफ, कंपनीला सी. एकट्याचं दुकान असेल तर दुकानाला वेगळा पॅन नाहीच, मालकाचाच चालतो, नफा मालकाच्या उत्पन्नात जातो आणि स्लॅबने कर लागतो, तेवढं खरंखुरं पास-थ्रू. पण भागीदारी फर्मला आपला पॅन, आपलं रिटर्न आणि आपला ३० टक्के कर असतो, वर ४ टक्के सेस, तिला स्लॅब नाही. फर्मने कर भरला की भागीदाराच्या वाट्याचा नफा त्याच्या हातात करमुक्त.

पूर्वी असं नव्हतं. नोंदणीकृत फर्म स्वतः थोडासा कर भरायची आणि नफा भागीदारांमध्ये वाटून त्यांच्या उत्पन्नात धरला जायचा. १९९२ च्या अर्थसंकल्पात ते बदललं, असेसमेंट इयर १९९३-९४ पासून आताची पद्धत. म्हणून जुने मुनीम अजून जुन्या भाषेत बोलतात.

धंदा_आणि_गप्पा
अहो पण भागीदाराला परत कर नाही म्हणजे एकदाच लागला, मग पास-थ्रूच झालं की! दोनदा फक्त कंपनीला लागतो.

हिशोबनीस
एकदाच लागतो हे खरं, पण कुठे लागला त्याने रकमेत किती फरक पडतो ते बघा. दोन भावांची फर्म, भागीदारांचा पगार धरायच्या आधी नफा २० लाख. खरं पास-थ्रू असतं तर प्रत्येकी १० लाख, दुसरं उत्पन्न नसेल तर २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे दोघांचा मिळून शून्य. आणि आपल्या कायद्याने फर्मने भागीदारांना पगार दिलाच नाही तर २० लाखांवर ३१.२ टक्के, सहा लाख चोवीस हजार.

आता मधला मार्ग. काम करणाऱ्या भागीदारांना पगार देता येतो आणि तो फर्मच्या नफ्यातून वजा होतो. त्याला मर्यादा आहे, पहिल्या ६ लाखांच्या ९० टक्के आणि पुढच्या रकमेच्या ६० टक्के. इथे ५.४ अधिक ८.४ म्हणजे १३.८ लाख. उरले ६.२ लाख, त्यावर फर्मचा कर साधारण १ लाख ९३ हजार. भावांना प्रत्येकी ६.९ लाख पगार, तो त्यांच्या उत्पन्नात धरला तरी कर शून्य. म्हणजे पगाराचा भाग पास-थ्रूसारखा वागतो, नफ्याचा भाग नाही. अर्धं इकडे अर्धं तिकडे, त्याला कुठलाच एक शब्द पुरणार नाही.

मसाला_उद्योग
माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं वाटतं! मी आणि जाऊबाई मसाल्यांचा धंदा करतो, फर्म आहे, गेल्या वर्षी कर इतका का आला कळेना. दस्तात पगाराबद्दल लिहिलंय "उभयपक्षी ठरेल त्याप्रमाणे". ते चालतं ना?

हिशोबनीस
ताई, तिथेच गोची आहे. दस्तात आकडा हवा, नाहीतर तो काढायची रीत तरी. "ठरेल त्याप्रमाणे" एवढ्यावर अधिकारी वजावट नाकारू शकतो. पुरवणी दस्त करून घ्या, पण त्याच्या तारखेच्या आधीच्या काळाचा पगार त्यातून मिळणार नाही. आणि एप्रिल २०२५ पासून फर्मने भागीदाराला दिलेला पगार, व्याज वगैरे वर्षाला २० हजारांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापावा लागतो, तेही बघा.

मसाला_उद्योग
बाई गं. जाऊबाईंना सांगते.

न्यूजर्सीकर
अनुजा, इकडचं वेगळंय हे सीए बरोबर बोलले. आमचं तिघांचं छोटं किचन आहे, एलएलसी, म्हणजे कराच्या हिशोबात भागीदारीच. फर्म १०६५ नंबरचा फॉर्म भरते पण फेडरल इन्कम टॅक्स भरत नाही, प्रत्येकाला के-वन म्हणून कागद येतो, त्यावर आपला हिस्सा. एका वर्षी माझ्या के-वनवर ४० हजार डॉलर होते आणि हातात एक सेंट आला नव्हता, कारण पैसे नव्या भट्टीत गेले. तरी कर माझ्या खिशातून! आता करारात कलम घातलंय की कराएवढी रक्कम तरी दरवर्षी वाटायचीच. या न मिळालेल्या उत्पन्नाला मराठीत 'भूतउत्पन्न' म्हणा, हा माझा शब्द.

शब्दवेडा
भूतउत्पन्न मस्त! पण भूत म्हणजे झालेलंही. भूतकाळातलं उत्पन्न वाटेल कुणाला.

धंदा_आणि_गप्पा
मग तिकडे कंपनी काढायला काय हरकत होती? २१ टक्केच आहे ना.

न्यूजर्सीकर
२१ टक्के २०१८ पासून, त्याआधी वरचा दर ३५ होता. पण १०० डॉलर नफ्यातले २१ कंपनीने भरले, उरलेले ७९ डिव्हिडंड म्हणून काढले तर त्यावर बऱ्याच लोकांना १५ टक्के, म्हणजे आणखी ११.८५. एकूण ३२.८५. पैसे कंपनीतच ठेवायचे असतील तर गणित फिरतं. आम्हाला घर चालवायला काढावे लागतात.

हिशोबनीस
आपल्याकडेही एप्रिल २०२० पासून डिव्हिडंडवरचा कर भागधारकाच्याच हातात आलाय. म्हणून कंपनीच्या कराचा २५.१७ टक्क्याचा आकडा बघून लोक फर्मची कंपनी करतात आणि पैसे घरी नेताना चमकतात.

पुरातन
एक अवांतर. कॉर्पोरेट टॅक्सला 'निगम कर' म्हणतात त्याला कुणी हिंदी म्हणून नाक मुरडू नका, निगम आपल्याकडे जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याच्या लेखात 'निगमसभा' येते, तिथे त्याने कोष्ट्यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवलेत, २००० कार्षापण महिना एक टक्क्याने आणि १००० पाऊण टक्क्याने. म्हणजे व्यापाऱ्यांची संस्था या अर्थाने शब्द इथलाच.

शब्दवेडा
प्राकृतात असेल, बाजारात नाही. कुठल्या व्यापाऱ्याने 'आमचं निगम' म्हटलंय? पेढी म्हणा. 'पेढीकर'.

नाना_पेठकर
पेढीकर आडनाव वाटतं. आमच्याकडे पेढी म्हणजे सराफाची किंवा सावकाराची, किराणा दुकानाला कुणी पेढी म्हणत नाही. गिऱ्हाईक एवढंच विचारतं, कर माझ्या नावावर लागतो का फर्मच्या?

हिशोबनीस
अनुजाताई, नानांचं वाक्य उचला. 'मालकाच्या नावावर लागणारा कर', शब्द लांब आहे पण वाचणाऱ्याला कळेल. आणि अमेरिका म्हणून स्पष्ट लिहा, नाहीतर कुणी आपल्या फर्मचं रिटर्न तसं भरून बसेल.

अनुजा_क
मूळ शब्द सोळा ठिकाणी शीर्षकात आहे हो, एवढं लांब नाही बसणार.

धंदा_आणि_गप्पा
मी तर अजून म्हणतो, एकदाच लागतो तर ते पास-थ्रूच.

पुरातन
पेढी शब्द पीठिकेवरून की पिढीवरून, कुणाकडे जुना पुरावा आहे का?