पॅसेजमध्ये नसलेला कायदा घरून आणलास तर मार्क जाणारच

पुन्हा_क्लॅट: लॉ एंट्रन्सच्या कालच्या मॉकमध्ये लीगलचा एक प्रश्न चुकला आणि डोकं फिरलं. पॅसेज रायलंड्स खटल्यातल्या नियमावर. रंगाच्या कारखान्यात आम्लाची टाकी, व्हॉल्व्ह फुटला, तपासणीला आलेला अधिकारी आवारातच भाजला. मी 'घातक उद्योग, अपवाद चालत नाही, कंपनी जबाबदार' लावलं. उत्तरांची की म्हणते जबाबदार नाही! एम. सी. मेहता खटला वाचलेल्याने चुकायचं आणि काहीच न वाचलेल्याने बरोबर यायचं? ही कायद्याची परीक्षा की पोपटपंचीची?

काळा_कोट: अशा पोस्टी दर आठवड्याला वाचतो आणि गप्प बसतो. आज नाही बसणार.

पॅसेजमधला नियम कागदावर तोडून लिहिलास का? त्याचे चार तुकडे पडतात. माणसाने ती वस्तू स्वतःच्या कामासाठी आपल्या जागेत आणलेली हवी. जागेचा तो वापर नेहमीचा नको. वस्तू निसटली तर नुकसान करेल अशी हवी. आणि ती त्या जागेतून बाहेर निसटलेली हवी. हे सगळं जमलं तर निष्काळजीपणा असो-नसो, मालक जबाबदार. आता तुझ्या प्रश्नात एकेक तुकडा ठेवून बघ. टाकी कंपनीनेच बसवली, आम्लाचा साठा म्हणजे घरगुती वापर नव्हे, आम्ल भाजतं हे सांगायला नको. राहिला चौथा. अधिकारी कुठे उभा होता? आवारात. मग आम्ल बाहेर गेलंच कुठे? 'आवारातच' हा शब्द पेपर काढणाऱ्याने उगाच टाकलेला नाही. हुबेहूब असंच प्रकरण 1946 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफगोळा फुटून तपासणी करणारी बाई जखमी झाली आणि हरली. कारण हेच, काही निसटलं नव्हतं.

एकच तपशील बदल. आम्ल गटारातून शेजारच्या शेतात गेलं आणि पीक जळलं, तर कंपनी जबाबदार. आता त्यातच कामावरून काढलेल्या माणसाने रात्री येऊन व्हॉल्व्ह उघडला असं घाल, तर तिऱ्हाईताच्या कृत्याचा अपवाद लागतो आणि कंपनी सुटते. टाकी तीच, आम्लही तेच.

आणि पर्याय नीट वाच. 'जबाबदार नाही'चे दोन पर्याय असणारच. एकात कारण 'आम्ल निसटलं नाही', दुसऱ्यात 'कंपनीचा निष्काळजीपणा नव्हता'. निष्कर्ष सारखा, पण दुसरा चूक, कारण हा नियम निष्काळजीपणा विचारतच नाही. अर्धी पोरं तिथे मरतात.

सरळसोट: एकदम बरोबर. आमचे क्लासवाले सर म्हणतात, पेपरला जाताना डोकं घरी ठेवून जा. बाहेरचं काहीही वापरायचं नाही.

काळा_कोट: तुमच्या सरांनी स्वतःचं डोकंही घरीच ठेवलेलं दिसतंय. बाहेरचा *कायदा* वापरायचा नाही. बाहेरची अक्कल वापरायचीच आहे. आम्ल भाजतं, पाणी उताराकडे जातं, हे पॅसेज लिहून देणार नाही.

गच्चीवरचे_काका: सर, तुम्ही वकील दिसता म्हणून विचारतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी नळ उघडा ठेवला, माझं छत आणि कपाट दोन्ही गेलं. पाणी त्यांच्या जागेतून माझ्या जागेत निसटलंच ना? रायलंड्समध्येही पाणीच होतं म्हणे. तीन वर्षं भांडतोय. केस बसेल का?

काळा_कोट: काका, हा परीक्षेचा धागा आहे. पण विचारलंत म्हणून सांगतो. 1868 च्या त्या खटल्यात गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं होतं. घरातला नळ हा घराचा नेहमीचाच वापर, त्यामुळे हा नियम लागत नाही. तुम्हाला निष्काळजीपणा दाखवावा लागेल, आणि नळ उघडा ठेवून जाणं म्हणजे दुसरं काय? फोटो, दुरुस्तीची बिलं सांभाळून ठेवा आणि समोर बसून बोलेल असा वकील गाठा.

गच्चीवरचे_काका: म्हणजे तत्त्व माझ्या बाजूने नाही, पण मी बरोबर आहे. तीन वर्षं हेच ऐकतोय.

माय_मराठीची_लेक: तुमचं सगळं ठीक आहे हो, पण 'चार तुकडे करा' म्हणायला काय जातं? मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात. क्लॅट फक्त इंग्रजीत. 120 मिनिटांत 120 प्रश्न, साडेचारशे शब्दांचा एकेक पॅसेज. पहिल्या वर्षी 'escape' म्हणजे माणूस पळून जातो एवढंच मला ठाऊक. आम्ल कसं पळेल यात दीड मिनिट गेलं आणि चुकून पाव मार्कही गेला. कायदा मला कळत नव्हता असं नाही.

सरळसोट: मग इंग्रजी सुधारा. वकिली काय मराठीत करणार?

माय_मराठीची_लेक: तालुका कोर्टात एकदा जाऊन बसा दादा. साक्षी-पुरावे कुठल्या भाषेत चालतात ते ऐका आणि मग सल्ले द्या.

सरळसोट: हायकोर्टात ऐका मग.

काळा_कोट: ताईंचं बरोबर आहे. माझी निम्मी उलटतपासणी मराठीतच होते. पण परीक्षा आज जशी आहे तशीच द्यायची आहे. एक करा, पॅसेज वाचताना फक्त 'if', 'unless', 'provided', 'only' यांच्याखाली रेघ मारा. तत्त्वाचे सांधे तिथेच असतात. बाकी मोठे शब्द सजावटीचे.

माय_मराठीची_लेक: 'सजावटीचे' म्हणायला ते सजावटीचे आहेत हे आधी कळावं लागतं. पण ठीक, रेघ मारून बघते. यंदा माझा तिसरा अटेम्प्ट आहे.

पुन्हा_क्लॅट: सगळे मला झापून झाले असाल तर एक सांगू? आत्ता पॅसेज परत उघडला. शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय की 1985 च्या दिल्लीतल्या ओलियम गळतीनंतर सुप्रीम कोर्टाने म्हटलं, घातक उद्योगातल्या अपघाताने कोणालाही इजा झाली तर उद्योग पूर्ण जबाबदार, रायलंड्सचे अपवाद लागू नाहीत. म्हणजे मेहता मी घरून आणला नव्हता. पॅसेजमध्येच होता!

काळा_कोट: हे पोस्टमध्ये का नाही लिहिलंस?

पुन्हा_क्लॅट: रागात होतो.

काळा_कोट: धन्य आहेस. बरं, प्रश्नाची पहिली ओळ जशीच्या तशी टाक.

पुन्हा_क्लॅट: "Based on the passage, decide the liability of the company." बस, एवढीच.

काळा_कोट: हं. 'रायलंड्सच्या नियमानुसार' असं असतं तर की बरोबर होती. नुसतं 'पॅसेजवरून' असेल तर दोन नियम समोर आहेत, आणि नव्या नियमात निसटण्याची अटच नाही. मग सगळं एका गोष्टीवर येतं, रंगाचा कारखाना घातक उद्योग म्हणून दिलाय का? तथ्यांत 'hazardous' किंवा तसा काही शब्द आहे?

पुन्हा_क्लॅट: "highly corrosive acid in large quantities" आहे. hazardous नाही.

काळा_कोट: मग तुझा पर्याय मी समजत होतो तेवढा मूर्खपणाचा नाही. इतकंच म्हणेन.

सरळसोट: म्हणजे माफी?

काळा_कोट: माफी नाही. तो शब्द तथ्यांत नाही, म्हणून मी अजूनही कीच्या बाजूने, जेमतेम. पण खऱ्या पेपरात असं आलं तर ऑब्जेक्शन टाकण्याजोगं आहे. डिसेंबर 2024 च्या पेपरातल्या चुका दिल्ली हायकोर्टापर्यंत गेल्याच होत्या.

माय_मराठीची_लेक: मोठ्या प्रमाणातलं जहाल आम्ल घातक नाही, हे ठरवायला बाहेरची अक्कल चालत नाही वाटतं?

गच्चीवरचे_काका: ताई, हाच प्रश्न मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला नळाबद्दल विचारला होता.