अनुभव धागा: दुकानाची पाटी, व्हिजिटिंग कार्डं आणि त्यांची कोटेशनं

मीनल_डोंबिवली
काल कोपऱ्यावरच्या वाण्याची रंगवलेली जुनी पत्र्याची पाटी उतरवत होते. ते बघून आईच्या 'अन्नपूर्णा पोळी भाजी केंद्र'ची पाटी केली ते दिवस आठवले. जागा 12 बाय 3 फूट, म्हणजे 36 चौरस फूट. पहिल्याने एसीपी शीट, लोखंडी फ्रेम आणि फिटिंग धरून 320 रुपये फूट सांगितलं, म्हणजे 11,520. त्यावर लायटिंगची अॅक्रिलिक अक्षरं 80 रुपये इंच. 'अन्नपूर्णा'ची चार अक्षरं 12 इंची, उरलेली सहा 6 इंची, एकूण 84 इंच, म्हणजे 6,720. बेरीज 18,240, जीएसटी वेगळा. दुसरा म्हणाला, "ताई, सगळं मिळून 17,000." सगळे म्हणत होते दुसरा घे. मी दोघांकडून अक्षरांची मापं टाकलेलं ड्रॉइंग मागितलं. दुसऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये 12 इंच हे रफारापासून उकारापर्यंत होते! मधलं अक्षर जेमतेम 8 इंच. रस्त्यापलीकडून काय दिसणार? काम पहिल्याला दिलं. तुमचे अनुभव लिहा, कार्डांचेही चालतील.

सचिन_फॅब्रिकेटर
ताई, बरोबर पकडलंत. इंचाचा भाव मुळात इंग्रजी अक्षरांसाठी बसलेला, तिथे सगळी कॅपिटल एका उंचीची. आपल्याकडे 'पू'चा उकार खाली, 'र्णा'चा रफार वर. शिवाय शिरोरेषा जोडून हवी असेल तर पूर्ण शब्द एकच डबा होतो, मग काही जण अक्षर न मोजता लांबी गुणिले उंची धरतात. सगळी कोटेशनं एकाच पद्धतीने मोजून घ्या, नाहीतर तुलना होतच नाही. आणि आत एलईडी किती, पॉवर सप्लाय कोणता, वॉरंटी किती हे लिहून घ्या. स्वस्तात एलईडी लांब लांब लावतात, रात्री अक्षरावर उजेडाचे ठिपके दिसतात.

ग_कुलकर्णी
एसीपी 4 एमएमचंच घ्यावं. 3 एमएम म्हणजे फसवणूक.

सचिन_फॅब्रिकेटर
काका, तसं नाही. दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पातळ थर, मध्ये प्लास्टिक. 4 एमएममध्येही तो थर अगदीच पातळ असेल तर शीट उन्हात फुगते. जाडीबरोबर थर किती तेही विचारा. दुकानाच्या पाटीला चांगलं 3 एमएम पुरतं, फक्त मागची फ्रेम दाट हवी.

वैशाली_सातारा
कुकर लावलाय, पटकन लिहिते. पार्लरसाठी कार्डं हवी होती. 100 कार्डांना 400, 1000 ला 900! मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण 100 डिजिटलवर काढतात, 1000 ऑफसेटला, तिथे प्लेटचा खर्च एकदाच आणि एका मोठ्या शीटवर बऱ्याच जणांची कार्डं एकत्र छापतात. तरी मी 100 च घेतली, कारण दोन महिन्यांनी गाळा बदलणार होता. हजारांतली नऊशे रद्दीत गेली असती.

ग_कुलकर्णी
मराठी नाव इंग्रजीच्या दुप्पट हवं, नाहीतर दंड.

मीनल_डोंबिवली
दुप्पट नाही काका. 2022 च्या दुरुस्तीनुसार मराठी देवनागरीत हवं आणि इतर लिपीपेक्षा अक्षरं लहान नकोत.

रोहन_पुणे
डिझाइनचं कुणीच बोललं नाही. माझ्याकडे एकाने "डिझाइन फ्री" म्हणून पाटी केली. वर्षाने मोबाईल नंबर बदलायचा तर कोरलची फाइल देईना, म्हणे ती आमची, छपाई इथेच करा. दुसऱ्याकडे लोगो पहिल्यापासून काढावा लागला. आता कुठेही गेलो तरी आधी विचारतो: डिझाइनचे पैसे वेगळे लावा, किती वेळा बदल करून देणार ते सांगा, आणि फाइल सीडीआरमध्ये माझ्याकडे द्या.

वैशाली_सातारा
रोहन, फाइल दुसरीकडे उघडल्यावर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं आली तर? माझ्या बहिणीचं तसंच झालं.

सचिन_फॅब्रिकेटर
तो फॉन्ट समोरच्याकडे नसतो. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून टाकलेली एक आणि टाइप बदलता येईल अशी एक, दोन्ही फाइली मागायच्या.

सुनीता_नाशिक
मला पाटी नकोय, पण मीनलताई, आई अजून केंद्र चालवतात का? डोंबिवलीत पूर्वेला असेल तर मुलाला डबा लावायचाय.

मीनल_डोंबिवली
हो, पूर्वेलाच! आई स्वतः सकाळी असते. व्यनि करते.

प्रशांत_कोल्हापूर
फ्लेक्सचं कुणी सांगेल का? 8 बाय 3 ची साधी पाटी, उन्हाची बाजू. स्टार फ्लेक्सला जास्त सांगतोय, साध्यात दोन वर्षं निघतील का?

सचिन_फॅब्रिकेटर
पश्चिमेचं ऊन असेल तर साध्याचा लाल रंग आधी उडतो. नक्की दोन वर्षं असं मी सांगणार नाही. फ्रेम मात्र चांगली करून घ्या, पुढच्या वेळी फक्त कापड बदला. त्याचा भाव आजच वेगळा लिहून मागा.