पेज ऑफ कप्स: नवा माणूस की नुसता निरोप?

निळी शाई: टॅरोमध्ये नात्यांविषयीच्या पाच पानांच्या स्प्रेडमध्ये 'पुढे काय येत आहे' या जागी मला पेज ऑफ कप्स आले. माझ्या जागी फोर ऑफ कप्स, भूतकाळाच्या जागी सिक्स ऑफ कप्स, अडथळ्याच्या जागी एकांतवासी हर्मिट आणि शेवटी एट ऑफ वाँड्स होते. रीडरनी दोन महिन्यांत नवा प्रियकर येईल असे ठामपणे सांगितले. मैत्रिणीच्या मते ते केवळ कोणाचा तरी निरोप पोहोचवणारे पान आहे. कोणाचे खरे मानावे?

कोकणकडा: ती दोन महिन्यांची मुदत वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची जागा 'काय येत आहे' अशी होती, 'कोण येत आहे' अशी नव्हती. आणि पाने पिसण्यापूर्वी जागेला दिलेले नाव पान उलगडल्यावर बदलता येत नाही. 'कोण'च्या जागी दरबारी पान, म्हणजे पेज, नाईट, क्वीन किंवा किंग, पडले तर मी ते माणूस म्हणून वाचतो. 'काय'च्या जागी पडले तर आधी घटना म्हणून वाचतो आणि शेजारची पाने तशी साक्ष देत असतील तरच माणसाकडे वळतो. येथे साक्ष उलट आहे. एट ऑफ वाँड्सच्या चित्रात एकही माणूस नाही, फक्त आठ काठ्या हवेतून वेगाने येत आहेत. सिक्स ऑफ कप्समध्ये एक मूल दुसऱ्याला फुलांनी भरलेला पेला देत आहे, म्हणजे देणारा ओळखीचा आहे. जुन्या ओळखीतून लवकरच येणारा, जिव्हाळ्याचा निरोप असे मी हे वाचेन. टू ऑफ कप्स किंवा लव्हर्स यांपैकी प्रेमाचे एखादे पान जवळ असते तर माझे मत बदलले असते.

पानगळ: निष्कर्ष मान्य आहे, पण त्यासाठी एवढा फेरा कशाला? चारही पेज हे निरोपेच आहेत आणि त्यांना माणूस म्हणून वाचणे हीच मुळात चूक आहे. प्रेमाचा प्रस्ताव घेऊन येतो तो नाईट ऑफ कप्स, कारण तो घोड्यावर आहे. पेज मात्र जागेवरच उभा आहे.

कोकणकडा: घोड्याचा मुद्दा पटतो, बाकीचा नाही. आपण बहुतेक जण १९०९ चा जो संच वापरतो, त्याचे कर्ते वेट यांनी या पानाच्या अर्थांत मदतीला तत्पर असलेला तरुण आधी सांगितला आहे आणि निरोप त्यानंतर. शिवाय पामेला कोलमन स्मिथ यांचे चित्र नीट पाहावे. पेल्यातून मासा डोके वर काढतो आणि पेज त्याच्याकडे एकटक पाहत राहतो. निरोप मासा देत असेल, तर पेज हा तो ऐकणारा ठरतो, आणि ती प्रश्न विचारणारी व्यक्तीही असू शकते.

तिसरी घंटा: माझ्या बाबतीत हे पान 'कोण'च्याच जागी, सरळ पडले होते. हळव्या स्वभावाचा, वयाने लहान पुरुष येणार असे मला सांगण्यात आले आणि त्या भरवशावर मी आठ महिन्यांत दोन स्थळे नाकारली. आला तो माझा अकरा वर्षांचा भाचा, शाळेसाठी आमच्याकडे राहायला. गप्पी माशांची बरणी मांडीवर धरून एसटीने आला आणि अर्धे पाणी त्याने आमच्या उंबऱ्यावर सांडले. पान खरे ठरले, पण ती स्थळे गेली ती गेलीच. त्यामुळे 'माणूस' म्हणजे 'प्रियकर' असे कोणी म्हणू लागले की मला संताप येतो.

निळी शाई: एक सांगायचे राहिले. रीडरनी पेजवर खुलाशासाठी आणखी तीन पाने काढली होती. तिसरे नाईट ऑफ कप्स आले आणि त्यावरूनच त्यांनी प्रियकर येईल असे सांगितले.

कोकणकडा: मग तो खुलासा नव्हे, हवे ते पान मिळेपर्यंत केलेली ओढाताण आहे. ७८ पैकी पाच पाने मांडल्यावर ७३ उरतात आणि त्यांत दरबारी १५. तीन पाने ओढली की निदान एक दरबारी पान निघण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते.

पानगळ: मी दहा वर्षे खुलाशाची पाने काढतो आहे. मला ओढाताण करणारा ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पान धूसर असताना एकट्यावर अडून बसणे हा प्रामाणिकपणा नव्हे, हट्ट आहे.

कोकणकडा: एक पान काढा, आणि ते कशाचा खुलासा करणार हे काढण्यापूर्वी मोठ्याने सांगा. त्यापुढे मी येणार नाही.

पानगळ: एकाच पानापुरते मान्य करतो. मीही सहसा दुसरे काढत नाही. मात्र पेज माणूस असतो, हे मला अजूनही मान्य नाही.

तिसरी घंटा: निळी शाई, नाईटच्या आधीची दोन पाने कोणती होती?

निळी शाई: एट ऑफ पेंटॅकल्स आणि थ्री ऑफ स्वोर्ड्स. रीडरनी ती बाजूला सरकवली आणि त्यांविषयी एक शब्दही काढला नाही. मलाही तेव्हा विचारायचे सुचले नाही. आता वेगळीच शंका येते. अडथळ्याच्या जागी हर्मिट आहे आणि माझ्या जागी समोर आलेल्या पेल्याकडे न पाहणारा फोर ऑफ कप्समधला तरुण आहे, तर निरोप येईल पण त्याला उत्तर मीच देणार नाही, असे हे वाचावे का?