मदत हवी आहे: पामोलीनचा 3,28,500 चा फटका खरेदी विभागाच्या माथी मारायचा का?

वेफर_हिशोब: बटाटा वेफर्सच्या कारखान्याचं ऑक्टोबर 2024 चं व्हेरियन्स स्टेटमेंट, म्हणजे बजेट आणि प्रत्यक्ष खर्चातल्या फरकाचा तक्ता, करतेय. मार्चच्या बजेटात पामोलीन 90 रुपये किलो धरलं होतं. झालेल्या उत्पादनाला 10,000 किलो तेल लागायला हवं होतं, लागलं 10,500, आणि सरासरी 117 रुपयांनी पडलं. नेहमीच्या पद्धतीने यातले 2,83,500 किमतीचे म्हणून खरेदीवाल्यांच्या नावावर जातात. पण 14 सप्टेंबरला आयातशुल्क वाढलं, त्यात त्यांचा काय दोष?

गोळाबेरीज: सोपं आहे. स्टँडर्ड, म्हणजे बजेटात धरलेला दर, बदलून 117 करा, किमतीचा फरक शून्य.

पाटीपेन्सिल: बदलायचं हे बरोबर, पण 117 करू नका. स्वतःचीच खरेदी किंमत मापदंड केली तर खरेदी चांगली झाली की वाईट, हे कधीच कळणार नाही. खरेदीच्या दिवसांचे बाजारभाव घ्या. तुमच्या भागात ते किती होते?

वेफर_हिशोब: दलालांच्या भावपत्रकांवरून सरासरी 120.

पाटीपेन्सिल: मग 120 धरा. 10,000 किलोवर 30 रुपयांप्रमाणे 3,00,000 अ‍ॅडव्हर्स, म्हणजे जादा खर्चाचे; हा फरक प्लॅनिंगचा, म्हणजे बजेटचा अंदाज चुकल्याचा. खरेदीने 3 रुपये वाचवले, 10,500 किलोवर 31,500 फेव्हरेबल, म्हणजे बचतीचे. जादा 500 किलो मात्र 90 ने नाही, 120 ने मोजा: 60,000 अ‍ॅडव्हर्स, हे तळण विभागाचे. बेरीज 3,28,500 च येते, ताळा झाला. जुन्या पद्धतीत तळणाची उधळपट्टी 45,000 च दिसत होती.

एक सावधगिरी. सगळं शुल्कावर ढकलू नका. रिफाइंड पामतेलावरचं एकूण शुल्क 13.75 टक्क्यांवरून 35.75 झालं. त्या हिशोबाने 90 चे साधारण 107 होतात. वरचे 13 रुपये भाववाढीचे, ते बजेटवाल्यांना मार्चमध्ये दिसायला हवे होते का, हा वेगळा प्रश्न.

तिखटमीठ: आमच्याकडे विक्रीच 20 टक्के कमी झाली, तेव्हाही असंच करायचं?

पाटीपेन्सिल: तिथे आधी एकूण बाजार किती आकसला ते बघा. तेवढा भाग प्लॅनिंगचा, बाजारातला तुमचा वाटा घटला तो ऑपरेटिंगचा, म्हणजे प्रत्यक्ष कामगिरीचा. इथला प्रश्न तेलाचा आहे.

वेफर_हिशोब: तळणवाले म्हणतात, मार्केटिंगने चकतीची जाडी 1.6 वरून 1.3 मिमी करायला लावली, पातळ चकती तेल जास्त पिते, म्हणून स्टँडर्ड 10,300 किलो करा.

गोळाबेरीज: मग त्यांच्याकडे 200 किलोच उरतात, 24,000. खरेदीचे 31,500 धरले तर ऑपरेटिंग एकंदर 7,500 फेव्हरेबल. कारखाना खूश!

पाटीपेन्सिल: म्हणूनच तो आकडा तळण विभागाकडून घेऊ नका. दोन्ही जाड्यांच्या चकत्या एकाच तापमानाला तळून तेलाचं प्रमाण प्रयोगशाळेत मोजून घ्या. जाडी बदलण्याचा लेखी आदेश कोणत्या तारखेचा आहे तेही पाहा. महिन्याच्या मध्यावरचा असेल तर 300 किलो पूर्ण महिन्याला लागू होत नाहीत.

वेफर_हिशोब: आदेश 12 ऑक्टोबरचा निघाला. पण हे जादा तेल प्लॅनिंगमध्ये टाकू की मार्केटिंगच्या खात्यावर?

गोळाबेरीज: प्लॅनिंगमध्येच.

पाटीपेन्सिल: मला नाही पटत. शुल्क बाहेरून आलं, जाडी आतून ठरली. दोन्ही एका ओळीत दाखवलं तर मार्केटिंगला कुणी विचारणारच नाही.