मदत हवी आहे: पुण्यात पहिलं वर्ष, को-लिव्हिंग की तिघांचा फ्लॅट?

मानेवाडा_लोकल: राजेहो, पुढच्या महिन्यात पुण्याला खराडीत रुजू व्हायचं आहे. पहिलीच नोकरी. को-लिव्हिंगमध्ये दोघांची खोली जेवणासकट १४,५००, विजेचे साधारण ८०० वेगळे, डिपॉझिट एका महिन्याचं. नाहीतर कॉलेजच्या दोघांसोबत २७,००० चा टू बीएचके, माझ्या वाट्याला ९,०००. बाबा म्हणतात, साडेपाच हजार वाचून राहिले, विचार कशाचा करतो? पण चार महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर बंगळूरला पाठवू शकतात.

तर्री_जास्त: नागपुरात मिहानला असशील तर घरूनच ये-जा कर ना बाप्पा!

मानेवाडा_लोकल: भाऊ, खराडी. पुणे.

हिशेबनीस: बाबांच्या हिशेबात जेवण आलंच नाही. फ्लॅटमध्ये मावशींचे तुझ्या वाट्याचे २,२०० धर, किराणा-भाजी २,८००, वीज-गॅस-वायफाय ९००. झाले १४,९००. एजंटने एक भाडं घेतलं तर त्यातले तुझे ९,०००. अकरा महिन्यांचे फ्लॅटचे १,७२,९०० आणि को-लिव्हिंगचे १,६८,३००. पहिल्या वर्षी फरक जवळपास नाहीच. खरा प्रश्न मध्येच सोडलंस तर काय, हा आहे. लॉक-इन किती?

मानेवाडा_लोकल: सहा महिने.

संत्रा_बर्फी: मग काय, फार तर डिपॉझिट जाईल. मी तसंच सोडलं होतं. त्या मेसमध्ये डाळीत डाळ शोधावी लागायची.

हिशेबनीस: तुमच्या करारात तसं असेल. काही करारांत उरलेल्या महिन्यांचं पूर्ण भाडं मागतात. चौथ्या महिन्यात निघाला तर डिपॉझिट बुडून ७५,७००, दोन महिन्यांचं भाडं भरावं लागलं तर ९०,२००. फ्लॅटचे ६८,६००. पण तिथेही लॉक-इन असू शकतो, आणि लिव्ह अँड लायसन्स करारात तिघांची नावं असतात. तू गेलास तरी मालकाला २७,००० पूर्णच हवेत. बदली माणूस मिळेपर्यंत कोण भरणार, हे मित्रांशी आधीच लिहून ठेव. नवा माणूस आला की त्याचं नाव करारात आणि पोलीस पडताळणीत गेलंच पाहिजे. नुसतं डिपॉझिट त्याच्याकडून घेऊन मोकळा होऊ नकोस.

संत्रा_बर्फी: मित्रांत लिखापढी? दोस्ती राहील का?

हिशेबनीस: व्हॉट्सअॅपवर लिहिलं तरी चालेल. भाडं थकल्यावर जे बोलणं होतं, त्यापेक्षा हे सोपं.

मानेवाडा_लोकल: आत्ता मसुदा मागवून पाहिला. 'उर्वरित कालावधीचे शुल्क देय' असंच लिहिलं आहे! तीन महिन्यांच्या लॉक-इनचं विचारलं, तर १६,००० म्हणतात.

हिशेबनीस: विजेसकट चार महिन्यांचे ६७,२००. फ्लॅटपेक्षा १,४०० कमीच. मात्र एक महिन्याची नोटीस चौथा महिना सुरू होताच देऊन त्याच महिन्याच्या शेवटी निघता येतं का, ते मेलवर घे. नाहीतर पाचवा महिना भरावा लागेल.

मानेवाडा_लोकल: मेल टाकला. दोन्ही मित्र मात्र फुगून बसले आहेत, त्यांना तिसरा कुठून आणून देऊ? खराडीत कोणी शोधून राहिलं असेल तर सांगा.