अनुभव धागा : मीटिंगला नकार कळवताना नेमकं काय लिहिता?

सुरुवात मी करते. दर गुरुवारी पाऊण तासाचा आढावा असतो, त्यात माझा भाग जेमतेम पाच मिनिटांचा. पूर्वी अडचण आली की लिहायचे, "सॉरी, जमणार नाही, अपडेट नंतर पाठवते." नंतर म्हणजे कधी, ते कुणालाच कळायचं नाही. मग ऐन मीटिंगमधून मला फोन. मागच्या वेळी बुधवारी दुपारीच हे पाठवलं:

"उद्या आढाव्याच्या वेळी चाचणी आहे, येऊ शकत नाही. १२ पैकी ९ अहवाल झाले, उरलेले ३ सोमवारी देते. एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे: ग्राहक यादीचा साचा जुना ठेवायचा की नवा? बोलायचं असल्यास शुक्रवारी ११ किंवा ४ वाजता मोकळी आहे."

फोन आला नाही. साचा नवा, एवढं उत्तर मीटिंगमधूनच आलं. तुमचे अनुभव सांगा.

मीटिंगा बोलावणारा
तुमच्या निरोपात अपडेट आधीच आहे, म्हणून तो चालला. "लेखी पाठवतो" असं नुसतं आश्वासन आलं की मला दोन दिवस आठवण करून देत बसावं लागतं. वेळाही दोनच दिल्या ते बरं केलंत. "तुम्हाला कधी जमेल?" विचारलं की कॅलेंडर चाळायचं काम परत माझ्याच गळ्यात.

आउटलुक वापरणाऱ्यांनी एक बघा. Decline करताना Do not send a response निवडलंत, तर मला काहीच कळत नाही आणि मी तुमची वाट बघत बसतो. दर आठवड्याच्या मीटिंगला फक्त त्या दिवसापुरता नकार द्या. आमच्यातल्या एकाने चुकून अख्खी मालिका नाकारली. पुढचे तीन आठवडे तो दिसेना, आम्हाला वाटलं रागावलाय!

दोन ओळींवाला
मी कारण कधीच देत नाही. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो.

मीटिंगा बोलावणारा
माहितीपुरतं बोलावणं असेल तर मान्य. पण निर्णय तुमच्यावर अडलेला असेल, तर चार शब्दांचं कारण हवंच, नाहीतर टाळाटाळ वाटते. आणि दोन गटांत वाद असेल तर लेखी अपडेटने भागत नाही. तिथे दुसरी वेळच मागा.

नवी टीमलीड
माझं उलटं आहे. मी बोलावलेल्या मीटिंगला सहापैकी चौघं नकार देतात. काय करू?

दोन ओळींवाला
आमंत्रणात विषय लिहिता का? मला नुसतं "चर्चा" असं आलं की मी आधी विचारतो, "माझ्याकडून काय हवंय? लिहून दिलं तर चालेल?" निम्म्या वेळा चालतं.

नवी टीमलीड
नाही लिहीत. आजपासून लिहिते.

धागा काढणारी
माझा एक प्रश्न राहिलाच. थेट वरिष्ठांनी बोलावलं असेल, तर आधी फोन करून मग Decline, की सरळ निरोपच?

मीटिंगा बोलावणारा
मी फोन करतो.

दोन ओळींवाला
मी नाही करत. फोनवर माझ्याकडून "बरं, येतो" निघून जातं.