सावकार ओरडायचा थांबला तर भीती वाढते की कमी होते?

रंगीत तालीम : आमच्या हौशी संघाच्या नाटकात सावकार शेतकऱ्याच्या घरात घुसून ओरडतो, "दामू, मुकाट्यानं जमीन लिहून दे! नाहीतर घराची राखरांगोळी करीन, जिवंत सोडणार नाही!" तालमीत इथे हशा पिकतो. दिग्दर्शक म्हणतात, ओरडणं काढ, थंडपणे लिही. सावकार करणारे काका म्हणतात, दमच काढला तर खलनायक कसला? तुमचं मत?

नेपथ्यवाला : वाक्यं कशाला बदलता? तीच खालच्या आवाजात म्हणायला लावा. हसू ओरडण्याचं येतंय, शब्दांचं नाही.

विंगेतून : ओरडण्याचं येतंय हे खरं, पण 'राखरांगोळी' हा शब्द ओरडण्यासाठीच जन्माला आलाय. तो हळू म्हणून बघा, आणखी हसतील. 'करीन', 'सोडणार नाही' हे सगळं पुढचं. आज हा काही करत नाही, हे प्रेक्षकाला कळतं. धमकी काढा आणि त्याला काय काय ठाऊक आहे तेवढंच बोलू द्या. मी असं लिहीन :

(सावकार चपलांसकट आत येतो, न विचारता बाजेवर बसतो.)
सावकार : दामूअण्णा, घोटभर पाणी मिळेल?
(दामू तांब्या देतो. तो सावकाश पितो.)
सावकार : गोड आहे. विहिरीचंच ना?
दामू : हो.
सावकार : धाकटी सहा-वीसच्या एसटीनं जाते म्हणे शाळेला. फाट्यापर्यंत एकटीच चालते?
(दामू गप्प.)
दामू : मालक... कागद आणलाय का?
सावकार : घाई नाही. तांब्या धरा.

जमिनीचं नाव सावकारानं घेतलंच नाही, कागद दामूनं मागितला. आणि कालपर्यंत 'अरे दामू' म्हणणारा आज 'दामूअण्णा, तांब्या धरा' म्हणतो. सावकार अहो-जाहोवर आला की गावातला माणूस आधी दाराकडे बघतो. आता अर्धं काम दामूच्या नटाकडे गेलंय. एसटीचं नाव निघताच त्याचे हात थांबले नाहीत, तर सावकारानं कितीही हळू बोलून उपयोग नाही.

झाडीचा नट : हे तुमच्या बंदिस्त थिएटरात ठीक. आमच्याकडे गडचिरोली-चंद्रपुराकडे रात्रभर नाटक चालतं, शेतात मंडप, पुढे पोरं झोपलेली, मागे लोक चहा पीत उभे. तिथे तुमची सहा-वीसची एसटी दुसऱ्या रांगेतच बंद पडेल. आमचा खलनायक गरजला की शिट्ट्या पडतात, आणि लोकांनी तिकीट त्या गर्जनेचं काढलेलं असतं. त्याला स्वस्त समजू नका.

विंगेतून : स्वस्त नाहीच. तुमच्या मंडपात मीही गर्जनाच लिहीन. पण हळू म्हणजे पुटपुटणं नव्हे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नटाचा श्वासही तिथेच संपतो, म्हणून नेमका शेवटचा शब्द गिळला जातो. 'फाट्यापर्यंत एकटीच चालते?' यात वजनाचा शब्द शेवटाजवळ आहे, ही माझीच चूक. 'एकटीच असते ना, फाट्यापर्यंत?' असं करा. मग 'फाट्यापर्यंत' विरलं तरी 'एकटीच' पोचतं. तालमीला एकाला शेवटच्या रांगेत पाठ करून बसवा, पंखे चालू ठेवा आणि ऐकलेलं परत म्हणायला सांगा. जे त्याला म्हणता येत नाही ते पोचलेलं नाही.

चौथी ब ची आई : माझा मुलगा स्नेहसंमेलनात अफजलखान आहे. ओरडून घसा बसलाय. त्यालाही हळूच बोलायला सांगू का? बाई म्हणतात, मागे ऐकू येत नाही.

झाडीचा नट : ताई, चौथीतल्या खानाला गरजू द्या! फक्त दोन दिवस गप्प ठेवा आणि घसा ताणू नको, पोटातून आवाज काढ म्हणावं.

रंगीत तालीम : काल करून पाहिलं. एसटीच्या वाक्याला हशा गेला, कोणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. पण काकांनी सगळेच प्रवेश तसे केले आणि दुसऱ्या अंकात आमचा प्रकाशयोजनावाला पेंगला.

विंगेतून : होणारच. सगळंच थंड केलं की तोही एक सूरच होतो. एक ओरडणं राखून ठेवा, पण दामूवर नको. दामू सही करायला नकार देतो त्या प्रवेशात मुनीमाच्या हातून दौत सांडू दे आणि सावकाराला त्याच्यावर फुटू दे. मग लगेच वळून, "हं, दामूअण्णा." आत काय दाबून ठेवलंय ते प्रेक्षकाला एकदाच दिसेल.

झाडीचा नट : म्हणजे शेवटी ओरडलाच की नाही!

नेपथ्यवाला : आणि दौत रोज सांडणार, सतरंजी धुणार कोण?

रंगीत तालीम : काका म्हणतात, ओरडायचंच तर दामूवर ओरडतो, मुनीमावर कशाला. दिग्दर्शकांना कुठेच नकोय. शुक्रवारी दोन्ही तऱ्हांनी करून बघतोय. पाण्यानं भरलेली दौत सध्या पुरेल.